एका उडीत तळ, पण तक्ता केवढा!

f(x, y) = 50x² + 0.5y² ही दरी घ्या. x च्या दिशेने ती शंभरपट जोरात वळते. त्यामुळे साधा ग्रेडियंट डिसेंट पावलं छोटी ठेवतो आणि y च्या दिशेने रांगत राहतो. न्यूटनची पद्धत प्रत्येक दिशेचा उतार तिथल्या वक्रतेने, म्हणजे १०० आणि १ ने, भागते. एकाच उडीत तळ!

मग डीप नेटवर्कला हेच का लावत नाहीत? वक्रतेचा तक्ता, म्हणजे हेसियन, n पॅरामीटरसाठी n² आकडे मागतो. रेझनेट-५० मध्ये सुमारे २.५ कोटी पॅरामीटर असतात. एका आकड्याला ४ बाइट धरले तर तक्ता अडीच हजार टेराबाइटचा! सममितीमुळे निम्मा वाचला, तरी उरलेला ठेवायचा कुठे?

दुसरी अडचण जास्त फसवी. x² − y² वर (1, 1) पासून निघालेला न्यूटन थेट (0, 0) वर पोहोचतो. तो तळ नव्हे, खोगीर आहे. y कडची वक्रता ऋण असल्याने भागाकारात पावलाची दिशाच उलटते. ग्रेडियंट शून्य, पण हेसियनची एखादी आयगेनव्हॅल्यू धन आणि एखादी ऋण, ही खोगिराची खूण.

अख्खा तक्ता न मांडताही त्याचा एखाद्या सदिशाशी गुणाकार काढता येतो. बराक पर्लमटर यांनी १९९४ मध्ये तशी युक्ती मांडली आणि जेम्स मार्टन्स यांनी २०१० मध्ये तिच्या जोरावर डीप नेटवर्क शिकवून दाखवली. रोजच्या कामात मात्र अ‍ॅडमच चालतो. त्याला दर पॅरामीटरमागे दोनच जादा आकडे सांभाळावे लागतात.