काळ्या राखेतला द्राक्षवेल

आमच्या सोलापूरकडच्या करकंबमध्ये विहीर खोदताना काळी माती संपली की मुरूम लागतो, मग पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. मुळात हा सगळा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तरी आपल्याकडे कुठे ज्वालामुखीचा शंकू दिसत नाही. हा लाव्हा मुख्यतः लांबलांब भेगांतून वर आला आणि आडवा पसरला. शंकू झाले असले तरी एवढ्या काळात झिजून गेले. म्हणून आपल्या टेकड्या सपाट माथ्याच्या आणि पायऱ्यापायऱ्यांच्या. एखाद्या फोटोवरून ठिकाण शोधताना मी पहिली कसोटी हीच लावतो. माथ्यावर वाटीसारखा खळगा असलेला शाबूत शंकू दिसला, तर ती जमीन भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने कालपरवाची. दख्खन तिथेच बाद.

वाळूचं मात्र इतकं सरळ नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही काळी वाळू आहे. तिच्यात इल्मेनाइट हे लोह आणि टायटॅनियमचं जड खनिज असतं. लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि जड कण मागे राहतात, त्यामुळे तिथे काळेपणा पट्ट्यापट्ट्यांनी दिसतो, मध्ये फिकट वाळू आणि शिंपल्यांचा चुरा असतो. वर तांबडा जांभा आणि माडाची झाडं दिसली तर कोकणच. उलट अख्खा किनारा, त्यावरचे गोटे आणि मागचा कडा एकाच काळ्या रंगाचे असले, तर जवळच्या तरुण लाव्ह्याचा संशय घ्यावा. फक्त फोटोतली वाळू ओली नाही ना, हे आधी पाहावं. ओली वाळू नेहमीच काळपट दिसते.

नात्यातल्या एका मुलाने पाठवलेला फोटो घेऊ. खाली गावाचं नाव नव्हतं, ‘ओळखा’ एवढंच. काळा उतार, मागे तांबूस-काळे चार-पाच शंकू आणि उतारभर गोल खड्डे. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एकच हिरवं झुडूप, आणि काठावर रचीव दगडांची अर्धवर्तुळाकार बुटकी भिंत. फोटो मोठा करून पानं पाहिली. बोटांसारखी कापलेली, कडेला दातेरी. आमच्या भागात ती लहान पोरही ओळखेल. द्राक्ष. पण ना तार, ना मांडव.

द्राक्षामुळे यादी झपाट्याने आटली. आइसलँडमध्ये लाव्ह्याची मैदानं आहेत, पण तिथे जुन्या लाव्ह्यावर शेवाळाची जाड हिरवी गादी असते. उघड्या रानात द्राक्ष पिकण्याएवढी ऊब तिथे नाही. हवाईचा पुनालुऊ किनारा काळा आहे, पण त्याच्या मागे नारळ. राहिल्या ज्वालामुखीच्या द्राक्षजमिनी. पोर्तुगालच्या पिको बेटावर वेल असतात ते दगडी भिंतींच्या छोट्या चौकोनी वाफ्यांत. ग्रीसच्या सँटोरिनीत वेल जमिनीवरच टोपलीसारखा वळवतात आणि तिथली राख फिकट असते. एटनाच्या उतारावर पायऱ्यांची शेती आणि भरपूर हिरवळ. एका वेलाला एक खड्डा आणि अर्धी भिंत, ही रीत स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी लँझरोटेवरच्या ला गेरिया भागाची.

तिथे १७३० ते १७३६ अशी सहा वर्षं उद्रेक चालले आणि शेतं राखेखाली गेली. शेतकऱ्यांनी राख उपसून खालच्या जुन्या मातीपर्यंत खड्डे खोदले आणि वेल लावले. पाऊस वर्षाला जेमतेम दीडशे मिलिमीटर, म्हणजे आपल्या दुष्काळी सोलापूरच्याही कितीतरी खाली. पण राखेचे सच्छिद्र खडे ओल धरतात आणि खालची माती वाळू देत नाहीत. भिंत असते ती वाऱ्याच्या बाजूला. तिथे बराच काळ ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात, म्हणून भिंतीची पाठ साधारण उत्तर-ईशान्येला. त्यावरून फोटोतल्या दिशा ठरवता आल्या आणि सावलीशी पडताळल्या. दोन्हींचा मेळ बसला. मुलाला फोन करून बेटाचं नाव सांगितलं, तेव्हा “बरोबर, काका” म्हणाला.

वेल नसते, नुसता काळा उतार आणि शंकू असते, तर कॅनरी बेटं, एटना, जावा यांतलं एक निवडण्याची हिंमत मी केली नसती. काळा दगड आणि शंकू जमिनीचा जन्म आणि वय सांगतात, पत्ता नाही. पत्ता सांगतात झाडं, पाऊस, वारा आणि माणसाने रचलेला दगड. यांतल्या निदान दोन गोष्टी जुळेपर्यंत गावाचं नाव घेऊ नये, फक्त प्रदेश सांगून थांबावं.