आर्निसमधील वेताची काठी

आर्निसमधील वेताची काठी : फिलिपीन्समधील पारंपरिक काठीयुद्धाच्या सरावाचे प्रमुख साधन. ह्या युद्धकलेस आर्निस, एस्क्रिमा व काली अशी नावे आहेत. २००९ मध्ये फिलिपीन्सने कायद्यान्वये आर्निसला राष्ट्रीय खेळाचा दर्जा दिला.

वेत हे ताल कुलातील कॅलॅमस इ. प्रजातींच्या वेलींचे खोड होय. बांबू हे गवत असून त्याची पेरी बहुधा पोकळ असतात. जोराचा आघात झाल्यास तो उभा चिरतो व त्याच्या धारदार कामट्या निघतात. वेत आतून भरीव असतो आणि त्यातील तंतू लांबीच्या दिशेने सलग गेलेले असतात. त्यामुळे आघाताच्या जागी साल दबते, तंतू सुटे होतात; परंतु काठी सहसा एकाएकी मोडत नाही. ह्याच चिवटपणामुळे महाराष्ट्रात पूर्वी टांगलेल्या वेतावर मलखांब करीत. पुढे त्याची जागा दोराने घेतली. टेंभुर्णीच्याच प्रजातीतील कामागाँग ह्या वृक्षाच्या लाकडाच्या काठ्याही प्रचलित आहेत. मात्र त्या जड असून हाताला अधिक हादरा देतात. म्हणून दोघांनी काठीवर काठी मारावयाच्या सरावात वेतच पसंत करतात.

नेहमीची काठी सु. ७१ सेंमी. लांब व सु. २.५ सेंमी. जाड असते. काखेपासून बोटांच्या टोकापर्यंतचे अंतर हे लांबी ठरविण्याचे एक प्रचलित माप आहे. मुठीखाली बुडाचा थोडा भाग मोकळा ठेवतात. तो ५ सेंमी. व मूठ ९ सेंमी. धरल्यास ७१ सेंमी. काठीचा ५७ सेंमी. भाग माऱ्यासाठी उरतो. तेवढ्याच जाडीची ८१ सेंमी. काठी घेतल्यास मारा १० सेंमी.ने लांबतो, परंतु फिरविताना होणारा तिचा विरोध जवळजवळ दीडपट होतो. हा विरोध लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने थोड्या वाढीनेही मनगटावर बराच ताण येतो.

एका काठीच्या सरावात दुसरा हात अडविण्यास व पकडण्यास मोकळा असतो. प्रतिस्पर्ध्यास दूर ठेवावयाचे असल्यास लांब काठी उपयोगी पडते. अगदी जवळून लढताना मात्र ती वळविण्यास जागा पुरत नाही. दोन काठ्यांच्या सरावास सिनावली म्हणतात; विणलेल्या चटईच्या सावली ह्या नावावरून ही संज्ञा आली आहे. त्यात एक हात वार करीत असता दुसऱ्या हातातील काठी विरुद्ध काखेखाली जाते व तेथून पुढच्या वारासाठी बाहेर येते. ती फार लांब असल्यास टोक दंडाला अडते अथवा दुसऱ्या काठीवर आदळते आणि लय तुटते. म्हणून ह्या सरावात सु. ६६ ते ७१ सेंमी. लांबीच्या, शक्यतो समान वजनाच्या काठ्या घेतात.

चांगली काठी जमिनीवर आपटली असता टणत्कार होतो. आवाज बद्द येऊ लागला, आघाताचा भाग मऊ लागला किंवा तंतू केरसुणीसारखे सुटले, की काठी बदलावी. अती वाळलेला वेत ठिसूळ होतो. त्यामुळे काठ्या कडक उन्हात ठेवीत नाहीत.