एकशे पंचवीस फोटोंचा कोकणकडा

हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या धारेशी पोचल्यावर प्रत्येकाचा मोबाइल खिशातून बाहेर येतो आणि थोड्या वेळाने मुकाट्याने परत आत जातो. कडा त्यात मावत नाही. मोबाइल सावकाश फिरवून पॅनोरमा काढला तर मावतो, पण घरी आल्यावर दोन बोटांनी तो मोठा करून पाहावा, तर खडकाचे थर, भेगा, कपारीत रुजलेलं गवत सगळं वितळलेल्या मेणासारखं दिसतं. मला कडा पूर्ण हवा होता आणि त्यातली भेगही हवी होती. एका फोटोत हे दोन्ही मिळत नाही. कड्याचे लहान लहान तुकडे दुरून जवळ आणणाऱ्या लेन्सने टिपायचे आणि ते संगणकावर जोडून एकच प्रचंड फोटो करायचा, एवढाच मार्ग उरतो.

माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे एका फोटोत ६००० गुणिले ४००० ठिपके. २०० मिलिमीटरची लेन्स लावून कॅमेरा उभा धरला की एका फोटोत जेमतेम ७ अंश रुंद आणि १० अंश उंच एवढाच तुकडा येतो. मला १२० अंश रुंद आणि ३६ अंश उंच दृश्य हवं होतं. शाळेतल्या गणिताप्रमाणे १२० भागिले ७, असा हिशेब केला तर फसगत होते, कारण तुकडे एकमेकांना नुसते चिकटून चालत नाहीत. ते एकमेकांवर चढावे लागतात. मी ३० टक्के ओव्हरलॅप धरला. म्हणजे प्रत्येक वेळी कॅमेरा ७ नव्हे, ४.८ अंशच फिरवायचा, आणि वरखाली १० ऐवजी ७.२ अंश. असे २५ उभे रकाने झाले, प्रत्येकात ५ फोटो. एकूण १२५.

आमच्याबरोबर आलेल्या पाचनईच्या काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे एकच दगुड दोनदोनदा काढायचा?" काकांनी नेमकं मर्म पकडलं होतं. दगड दोनदा काढला जातो म्हणूनच जोडणी होते.

दोन शेजारच्या फोटोंमध्ये जो सामाईक पट्टा असतो, तेवढाच संगणकाच्या हाती लागलेला पुरावा. त्या पट्ट्यात सॉफ्टवेअर ठसठशीत खुणा शोधतं: भेगेचा कोपरा, खडकावरचा पांढरा डाग, झुडपाचं टोक. आजूबाजूच्या उजेड-अंधाराच्या ठेवणीवरून प्रत्येक खुणेचं एक वर्णन तयार होतं. हीच खूण शेजारच्या फोटोत थोडी तिरकी किंवा थोडी काळपट दिसली तरी ओळखता यावी, असं ते वर्णन असतं. कॅनडातले संशोधक डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये अशी एक पद्धत मांडली आणि पॅनोरमाच्या जोडणीला ती फार उपयोगी पडली. खुणांच्या जोड्या लागतात त्यातल्या काही चुकीच्या असतात, कारण एक झुडूप दुसऱ्यासारखं दिसतंच. मग बहुसंख्य जोड्या ज्या एका मांडणीवर एकमत होतात ती खरी धरून बाकीच्या फेकून दिल्या जातात. शेवटी सगळे फोटो एकदम थोडे थोडे सरकवून कुणाचीच ओढाताण होणार नाही अशी जागा प्रत्येकाला मिळते. हे करणारं 'हगिन' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

ओव्हरलॅप १० टक्क्यांवर आणला तर फोटोंची संख्या बरीच कमी होते आणि मोह पडतो. पण मग त्या अरुंद पट्ट्यात खुणा पुरेशा सापडत नाहीत, आणि लेन्सच्या कडेला फोटो मुळातच थोडा मऊ आणि थोडा काळपट असतो, म्हणजे पुरावा तोही कमअस्सल. आभाळाची तर वेगळीच अडचण. निव्वळ निळ्या तुकड्यात खूण म्हणून काही नसतंच, त्याला ५० टक्के ओव्हरलॅप दिला तरी उपयोग नाही. म्हणून सर्वांत वरच्या ओळीतही प्रत्येक फोटोत तळाशी कड्याची किंवा डोंगररांगेची थोडी धार येईल असाच कॅमेरा लावायचा. त्या धारेच्या आधाराने आभाळ जागेवर बसतं.

आता उजेड. कॅमेरा 'ऑटो'वर ठेवला तर तो प्रत्येक तुकड्यापुरता शहाणपणा करतो. काळ्या खडकाचा तुकडा आला की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो फोटो उजळ काढतो. पुढच्या तुकड्यात कोकणातलं धुरकट पांढरं आभाळ अर्धं भरलं की तो फोटो काळवंडतो. दोन्ही फोटो आपापल्या जागी छान. पण सामाईक पट्ट्यातला तोच खडक एकात राखाडी आणि दुसऱ्यात काळा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर राहिला तर रंगही तसेच बदलतात. म्हणून सगळं हाताने बांधून टाकायचं. मी आधी चौकटीतला सर्वांत उजळ भाग, म्हणजे क्षितिजावरचं धुकट आभाळ, पाहिला. तो पांढराफटक होऊन करपणार नाही असं एक्स्पोजर ठरवलं: आयएसओ १००, छिद्र एफ ८, वेळ १/२५०. मग फोकसही लांबच्या खडकावर नेऊन हाताने पक्का केला आणि १२५ फोटो संपेपर्यंत कशालाही हात लावला नाही. खडक थोडा काळा आला, पण रॉ फाइलमध्ये काळोखातून तपशील वर काढता येतो. करपलेल्या पांढऱ्यातून काही काढता येत नाही. उन्हात निळं आभाळ गडद करणारा पोलरायझिंग फिल्टर मात्र बॅगेतच राहू द्यावा. त्याचा परिणाम सूर्यापासून किती अंशांवर पाहतो आहोत त्याप्रमाणे बदलतो, आणि १२० अंशांच्या आभाळात मधोमध एक जांभळट पट्टा उमटतो.

इतकं करूनही माझी पहिली खेप वाया गेली. त्या वेळी मी ओळीने फोटो काढले होते, डावीकडून उजवीकडे २५, मग खालची ओळ. कॅमेऱ्याची थरथर थांबावी म्हणून एका फोटोला साधारण ६ सेकंद जातात. म्हणजे एक ओळ अडीच मिनिटांची. वरच्या फोटोत आणि त्याच्या थेट खालच्या फोटोत अडीच मिनिटांचं अंतर पडलं, आणि तिसरी ओळ चालू असताना एक ढग कड्यावरून सरकला. घरी जोडल्यावर कड्याच्या पोटाला आडवा काळा पट्टा. गंमत म्हणजे सॉफ्टवेअरने मदत करायला जाऊन तो आणखी बिघडवला. सामाईक पट्ट्यात उजेड जुळत नाही हे पाहून त्याने समजूत करून घेतली की माझं एक्स्पोजरच बदललं असावं. मग त्याने सावलीतले फोटो उजळले आणि त्यांच्या शेजारचे उन्हातले फिके केले. ढगाची सावली आणि कॅमेऱ्याची चूक यांतला फरक त्याला कळत नाही. तो आपण सांगावा लागतो: एक्स्पोजर सगळीकडे सारखं आहे, त्याला हात लावू नको.

दुसऱ्या खेपेला मी उभ्या रकान्यांनी काढले. एका रकान्याचे ५ फोटो, ३० सेकंद, मग पुढचा रकाना. आता वरखालचे शेजारी ६ सेकंदांच्या आणि आजूबाजूचे ३० सेकंदांच्या अंतरावर आले. सोळाव्या रकान्यात सावली आलीच. ट्रायपॉडच्या डोक्यावर अंशांच्या खुणा होत्या, त्यामुळे थांबलो, ढग जाऊ दिला आणि एक रकाना मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली. काकांनी तोवर चहाचा थर्मास उघडला होता.

एक धोका असा की तो फोटो काढताना दिसतच नाही. डोळ्यांसमोर बोट धरून आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. बोट मागच्या भिंतीवर उडी मारतं. कॅमेरा ट्रायपॉडवर फिरतो तेव्हा तेच होतं, कारण स्क्रू कॅमेऱ्याच्या बुडाला असतो आणि लेन्स ज्या बिंदूतून जग पाहते तो बिंदू त्याच्या पुढे असतो. समजा तो १० सेंटिमीटर पुढे आहे. मग ४.८ अंश फिरवल्यावर लेन्स जवळपास ८ मिलिमीटर बाजूला सरकते. पाचशे मीटरवरच्या खडकाच्या बाबतीत ही उडी अर्ध्या ठिपक्याची, म्हणजे नाहीच. पण पाच मीटरवर करवंदीचं झुडूप असेल तर ते मागच्या कड्याच्या तुलनेत सुमारे ५६ ठिपके उडी मारतं. मग फांद्या दुहेरी दिसतात किंवा मध्येच तुटतात, आणि कुठलंही सॉफ्टवेअर ते पूर्ण निस्तरू शकत नाही. कॅमेरा मागे सरकवून नेमक्या त्या बिंदूभोवती फिरवणारी पट्टी मिळते. मी सोपा उपाय केला: जवळचं झुडूप चौकटीत येऊच दिलं नाही. तसंही लांब फोकस लावल्यावर ते धूसरच आलं असतं.

शेवटी सांधे. दोन फोटोंची सीमा सरळ कापली तर रेघ दिसते. रुंद पट्ट्यात एकात एक विरघळवली तर रेघ जाते पण तपशील दुहेरी होतो. यावर १९८३ मध्ये पीटर बर्ट आणि एडवर्ड एडेलसन यांनी तोडगा सुचवला. फोटो बारीक तपशील आणि ढोबळ उजेड अशा थरांत वेगळा करायचा. बारीक थर अरुंद पट्ट्यात जोडायचा आणि ढोबळ थर रुंद पट्ट्यात. हगिनमधली जोडणी याच तत्त्वावर चालते. सीमा कुठून न्यायची हेही ठरवता येतं. कड्याच्या धारेवर बसलेला एक पोरगा माझ्या दोन फोटोंत दोन ठिकाणी होता. सामाईक पट्टा रुंद असल्यामुळे सांधा त्याच्या बाजूने वळवता आला आणि तो एकदाच उरला.

सगळं जुळल्यावर कडेचं वेडंवाकडं कापून फोटो झाला सुमारे ६९,६०० ठिपके रुंद आणि २०,९०० उंच, म्हणजे १४५ कोटी ठिपके. बराक ओबामांच्या २० जानेवारी २००९ च्या शपथविधीचा डेव्हिड बर्गमन यांनी काढलेला प्रसिद्ध फोटोही जवळपास एवढाच, १४७ कोटी ठिपक्यांचा आहे. तो २२० फोटोंचा, आणि कॅमेरा फिरवायला यंत्र होतं.

साठवायला गेलो तर जेपेगने नकार दिला. या प्रकारच्या फाइलला एका बाजूला ६५,५३५ पेक्षा जास्त ठिपके चालत नाहीत. साधी टिफ फाइलही ४ गिगाबाइटला थांबते आणि माझा फोटो त्याच्या पुढे गेला होता. मग मोठ्या आकाराच्या बिगटिफ फाइलमध्ये तो ठेवला आणि पाहण्यासाठी त्याचे पुन्हा तुकडे केले. इंटरनेटवरच्या नकाशासारखे २५६ ठिपक्यांचे लहान चौकोन, वेगवेगळ्या मोठेपणाचे, म्हणजे पडद्यावर जेवढं दिसतंय तेवढेच उघडतात. गावी गेल्यावर काकांना लॅपटॉपवर दाखवला. त्यांनी कडा पाहिलाच नाही. जवळ, अजून जवळ आणायला लावत ते कपारीतल्या एका गवताच्या पुंजक्याशी थांबले आणि म्हणाले, "हितं मधाचं पोळं असतं. औंदा न्हाई दिसत."