बाळाच्या जिभेवर मधाचं बोट नको

मागच्या महिन्यात जूचंद्रच्या आमच्या वस्तीत एका घरी आम्ही बाळंतिणीला भेटायला गेलो. बाळ सव्वा महिन्याचं. आजी सहाणेवर गुटी उगाळत होत्या, शेजारी मधाची बाटली होती. आम्ही मध देऊ नका म्हटलं, तर आजी म्हणाल्या, "ताई, माझी चार लेकरं मध चाटूनच वाढली. त्यांना काय झालं?"

आजींचा प्रश्न खोटा नाही. मध चाटलेली बहुतेक बाळं आजारी पडत नाहीत, म्हणूनच ही चाल टिकून आहे. पण ज्या बाळाला मध बाधतो, त्याच्या जिवावर बेतू शकतं. कोणत्या बाटलीतला मध बाधेल, हे पाहून, हुंगून किंवा चाखून कळत नाही.

धोका आहे तो बोट्युलिझम नावाच्या आजाराचा. मातीत आणि धुळीत काही जंतूंचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे कवचात झोपलेला जंतू. ते कधी कधी मधात येतात. मध शुद्ध असो, जंगलातला असो की कंपनीचा, हा धोका सगळ्यांत आहे. मध गरम करून किंवा उकळूनही बीजाणू मरत नाहीत. मोठ्या माणसाच्या आतड्यात चांगले जंतू भरपूर असतात, ते या बीजाणूंना रुजू देत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाचं आतडं अजून तसं तयार नसतं. तिथे बीजाणू उगवतात आणि विष तयार करतात. हे विष नसेकडून स्नायूकडे जाणारा निरोप अडवतं. त्यामुळे बाळ ढिलं पडत जातं.

आजार ओळखायचा कसा? मध दिल्यावर काही दिवसांनी, कधी तीन-चार आठवड्यांनीही, त्रास सुरू होतो. बहुतेकदा सुरुवात शी न होण्यापासून होते. मग दूध ओढायची ताकद कमी होते, रडण्याचा आवाज बारीक होतो, पापण्या खाली येतात, मान लटकते. ताप बहुधा नसतो, म्हणून घरच्यांना वाटतं की बाळ नुसतं सुस्त आहे. शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. अशा बाळाच्या तोंडात काही घालू नका, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. १०८ला फोन करा आणि डॉक्टरांना मध दिल्याचं स्पष्ट सांगा. वेळेत दाखल झालेलं बाळ बहुधा पूर्ण बरं होतं, पण काही आठवडे लागतात आणि कित्येकदा श्वासाचं यंत्र लावावं लागतं.

आता आजींची गुटी. जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगतं, वेखंडाने उलट्या होऊ शकतात. सहाणेवर एक वेढा की चार, जोर किती, याचं माप नसतं. गुटीनंतर बाळ शांत झोपलं म्हणजे पोट बरं झालं असं नव्हे. १९२०च्या दशकात मुंबईत गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची 'बाळागोळी' देत. बाळ दिवसभर झोपे, कारण त्याला गुंगी आलेली असे. पाळणाघर नाही, सुट्टी नाही; त्या आयांचा दोष नव्हता. पण गप्प झालेलं बाळ बरं झालंच असं धरू नये, हे आपण त्यातून शिकावं.

ग्राइप वॉटर इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात निघालं. जुन्या बाटलीत दारूचा अंश असे. आता बहुतेक बाटल्यांत तो नसतो, पण गोडी असते, आणि पोटदुखी थांबते याचा भक्कम पुरावा नाही. बाळाचं संध्याकाळचं रडणं दोन-तीन आठवड्यांपासून वाढतं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. आपण तेवढ्यात बाटली आणतो आणि श्रेय बाटलीला देतो. शिवाय त्या पाण्याने पोट भरलं की बाळ अंगावर कमी पितं, आणि उघडी बाटली व चमच्यातून जंतू जातात.

मग करायचं काय? सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीही नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध तेवढं द्यावं. बाळ रडलं तर आधी अंगावर घ्या, मग खांद्यावर धरून ढेकर काढा, लंगोट पाहा, छातीशी धरून फिरा. सहा महिन्यांनंतर वरणभात, खिमट सुरू करा, पण मध वर्ष पूर्ण होईपर्यंत नाहीच, खिरीत किंवा औषधाच्या अनुपानातही नाही. बाळ दूध पीत नसेल, हिरवी उलटी होत असेल, ताप असेल किंवा उठवूनही उठत नसेल, तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठा.

त्या दिवशी आजींनी सहाण धुऊन ठेवली आणि विचारलं, "मग मध टाकून देऊ?" आम्ही म्हटलं, "टाकू नका आजी. तुम्ही खा. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बाटली वरच्या फळीवर ठेवा."