शुक्रवारी दुपारी दीड वाजता

२४ मार्च २०२१ रोजी इलॉन मस्क यांनी जाहीर केलं की टेस्लाची गाडी आता बिटकॉइन देऊन घेता येईल. अशी बातमी आली की भाव चढायला हवा. तो थोडा वेळ चढलाही, आणि मग दुसऱ्या दिवशी पन्नास हजार डॉलरच्या जवळ येऊन ठेपला. त्या शुक्रवारी, २६ मार्चला, सुमारे सहा अब्ज डॉलरच्या बिटकॉइन ऑप्शन्सची मुदत संपत होती. मुदत संपली आणि त्याच दिवशी भाव पुन्हा पंचावन्न हजारांकडे निघाला. तेव्हापासून मोठी एक्स्पायरी आली की ‘आता भाव हलणार’ अशा मथळ्यांचं पीक येतं. त्या मथळ्यांत खरं किती असतं, हे समजून घ्यायचं तर ऑप्शन विकत घेणाऱ्याकडे पाहून भागत नाही. समोर बसलेल्या मार्केट मेकरला त्या दिवशी काय करावं लागतं, ते पाहावं लागतं.

ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने खरेदीचा किंवा विक्रीचा हक्क. खरेदीचा हक्क तो कॉल, विक्रीचा तो पुट. ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक, आणि हक्कासाठी मोजलेली रक्कम म्हणजे प्रीमियम. बिटकॉइन आणि इथरच्या ऑप्शन्सचा सगळ्यात नावाजलेला बाजार म्हणजे डेरिबिट. २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेलं हे एक्स्चेंज २०२५ मध्ये कॉइनबेसने विकत घेतलं. तिथे मासिक ऑप्शन्स महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संपतात. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरचे शुक्रवार सर्वांत मोठे, कारण तिमाही सौदे त्या दिवशी निकाली निघतात. वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे दुपारी दीडची. हिशेबासाठी त्या क्षणाचा भाव धरत नाहीत; एक ते दीड या अर्ध्या तासातली सरासरी काढतात. एखाद्याने शेवटच्या मिनिटाला भाव ढकलून सगळ्यांचा हिशेब बिघडवू नये, म्हणून ही व्यवस्था.

आता मार्केट मेकरकडे वळू. त्याला भाव वर जाईल की खाली, यावर पैज लावायची नसते. खरेदी आणि विक्रीच्या दरांतला फरक मिळवायचा असतो. म्हणून ऑप्शनमुळे अंगावर आलेली जोखीम तो प्रत्यक्ष बिटकॉइन किंवा फ्यूचर्स घेऊन-विकून झाकत राहतो. यालाच हेजिंग म्हणतात, आणि एक्स्पायरीच्या दिवसाची सगळी गोष्ट या हेजिंगमध्ये आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भाव एक लाख डॉलर आहे. मार्केट मेकरने एक लाखाच्याच स्ट्राइकचे दहा हजार कॉल गिऱ्हाइकांकडून विकत घेतले आहेत. एक कॉल एका बिटकॉइनचा. हे कॉल फायद्यात संपण्याची शक्यता साधारण निम्मी, म्हणून जोखीम झाकायला त्याने पाच हजार बिटकॉइन विकून ठेवले आहेत. आता भाव एक हजार डॉलरने वाढला. मुदतीला महिना असेल, तर एवढ्याशा वाढीने शक्यता फारशी बदलत नाही. बाजार नेहमीइतका चंचल असेल तर त्याला आणखी साडेतीनशेच्या आसपास बिटकॉइन विकावे लागतील. मुदतीला एकच दिवस उरला असेल, तर हाच आकडा अठराशेच्या घरात जातो. आणि चार तास उरले असतील, तर जवळजवळ अडतीसशे. हजार डॉलरची हालचाल तीच, पण मुदत जवळ येते तसा तिला दिलेला प्रतिसाद दहापट होतो. याला बाजारात ‘गॅमा वाढला’ म्हणतात.

या उदाहरणात भाव वर गेला की तो विकतो. खाली आला की, त्याच हिशेबाने, विकत घेतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी भावाला स्ट्राइककडे परत रेटतो. असे बरेच जण एकाच स्ट्राइकभोवती जमले की भाव तिथेच घोटाळत राहतो, आणि एक्स्पायरीआधीचे काही दिवस कंटाळवाणे वाटतात. शेअर बाजारात ही गोष्ट संशोधकांनी तपासलेली आहे. नी, पिअर्सन आणि पोटेश्मन यांच्या २००५ च्या अभ्यासात, ऑप्शन्स असलेल्या शेअर्सचे बंद भाव एक्स्पायरीच्या दिवशी स्ट्राइकच्या जवळ जमतात, असं दिसलं होतं.

मात्र मार्केट मेकरने तेच कॉल विकत घेण्याऐवजी विकलेले असतील, तर सगळं उलटतं. भाव वाढला की त्यालाही विकत घ्यावं लागतं, पडला की त्यालाही विकावं लागतं. चढणारा भाव आणखी चढतो, पडणारा आणखी पडतो. दहा हजार कॉल तेच, स्ट्राइक तीच. एका प्रसंगी बाजार शांत, दुसऱ्या प्रसंगी बेफाम. आणि हे कॉल नेमके कोणी घेतले, कोणी विकले, हे एक्स्चेंजच्या खुल्या सौद्यांच्या आकड्यांत दिसत नाही. विश्लेषक त्याचा अंदाज बांधतात, आणि तो अंदाज चुकू शकतो.

दीड वाजता हे ऑप्शन्स संपतात आणि त्यांच्यासाठी केलेल्या हेजची गरजही संपते. भाव एका जागी धरून ठेवणारी खरेदी-विक्री थांबते. त्यामुळे मोठी हालचाल कित्येकदा एक्स्पायरीच्या आधी होत नाही, नंतर होते. २६ मार्च २०२१ ला भाव सुटला त्याचं हे एक पटण्याजोगं स्पष्टीकरण आहे. सिद्ध झालेलं नाही, कारण त्या आठवड्यात बाजारात इतरही बरंच काही चाललं होतं.

मथळ्यांतल्या अब्जांबद्दल मात्र सावध राहायला हवं. २७ डिसेंबर २०२४ ला डेरिबिटवर सुमारे चौदा अब्ज डॉलरचे बिटकॉइन ऑप्शन्स संपले. हा आकडा काढतात तो ऑप्शन्सची संख्या गुणिले बिटकॉइनचा चालू भाव असा. भाव ९६ हजारांच्या आसपास असताना दोन लाखांच्या स्ट्राइकचा कॉल शेवटच्या दिवशी जवळजवळ कवडीमोल असतो. तरी या हिशेबात तो अख्ख्या बिटकॉइनच्या किमतीचा धरला जातो. त्याच्यासाठी कोणालाही काही हेज करावं लागत नाही, म्हणून भावावर त्याचा परिणामही नाही. पाहायचं ते भावाच्या दोन-तीन टक्क्यांच्या आत किती ऑप्शन्स साचले आहेत ते.

त्याच दिवशी ‘मॅक्स पेन’चीही चर्चा होती. ऑप्शन घेणाऱ्यांच्या हाती एकूण सर्वांत कमी पैसे पडतील, अशी ही भावाची पातळी. भाव तिकडे खेचला जातो, असा समज आहे. त्या डिसेंबरात ती पातळी ८५ हजार सांगितली जात होती. भाव तिथपासून दहा हजार डॉलरहून जास्त दूर होता आणि दूरच राहिला. मला हा समज फार ताणलेला वाटतो. हेजिंगचा रेटा भावाला जवळच्या स्ट्राइकपाशी अडकवू शकतो. दहा टक्के खाली ओढून नेण्याचं बळ त्यात नसतं.

१० ऑक्टोबर २०२५ हाही शुक्रवार होता आणि दुपारी दीडला साप्ताहिक एक्स्पायरी झाली होती. काही तासांनी, आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर, बिटकॉइन एक लाख दहा हजारांच्याही खाली कोसळला. एकोणीस अब्ज डॉलरच्या वर सौदे जबरदस्तीने बंद झाले. ट्रम्प यांनी चिनी मालावर आणखी शंभर टक्के आयातशुल्क लावण्याची घोषणा केली होती, आणि उधारीवर घेतलेले पर्पेच्युअल फ्यूचर्स मार्जिन संपल्यामुळे आपोआप विकले जात होते. एक्स्पायरीचा त्या पडझडीशी संबंध जोडायला फक्त वार जुळत होता.