नमुन्यात हवा उरली आहे का? ट्रायअॅक्सियल चाचणीतला ‘बी’ आणि त्याचा मजबुतीवर होणारा परिणाम

मंडळी, मागच्या वेळी आपण प्रभावी ताण म्हणजे काय ते पाहिलं. एकूण ताणातून छिद्रांतल्या पाण्याचा दाब वजा केला की जो उरतो तो प्रभावी ताण, आणि मातीची मजबुती त्याच्यावर ठरते. आज आपण त्या वजाबाकीतली दुसरी संख्या, म्हणजे पाण्याचा दाब, कितपत विश्वासाची आहे हे बघणार आहोत. दृढीकरण करून मग पाणी बाहेर न जाऊ देता केलेली ट्रायअॅक्सियल चाचणी, जिला प्रयोगशाळेत सगळे ‘सीयू टेस्ट’ म्हणतात, ती या एका संख्येवर उभी आहे. आपल्याकडे तिची पद्धत आयएस २७२०, भाग १२ मध्ये दिलेली आहे.

चाचणीची मांडणी थोडक्यात आठवू या. मातीचा दंडगोलाकार नमुना रबरी पडद्यात गुंडाळून पाण्याने भरलेल्या सेलमध्ये उभा केलेला असतो. सेलमधल्या पाण्याचा दाब त्याला सगळीकडून सारखा दाबतो. नमुन्याच्या तळाशी सच्छिद्र दगड असतो, तिथून निघालेली बारीक नळी दाबमापकाला जोडलेली असते. नमुन्यातलं पाणी बाहेर जाण्याची वाट आपण एका कॉकने हवी तेव्हा बंद करू शकतो.

आता कॉक बंद ठेवून सेलचा दाब ५० किलोपास्कलने वाढवला, तर नमुन्यातल्या पाण्याचा दाब किती वाढेल? स्केम्प्टन यांनी १९५४ साली ‘जिओटेक्निक’मधल्या लेखात हा प्रश्न सरळ गुणोत्तराच्या रूपात मांडला. पाण्याच्या दाबातली वाढ भागिले सेलच्या दाबातली वाढ, म्हणजे ‘बी’.

```
B = Δu / Δσ3
B = 1 / (1 + n·Cf/Cs)
```

दुसऱ्या ओळीत n म्हणजे सच्छिद्रता, Cf म्हणजे छिद्रांत जे काही भरलं आहे ते किती दबतं, आणि Cs म्हणजे मातीच्या कणांचा सांगाडा किती दबतो. सूत्र पाठ करू नका, त्यातली वाटणी समजून घ्या. बाहेरून आलेला भार सांगाडा आणि छिद्रांतला द्रव यांच्यात वाटला जातो, आणि जो कमी दबतो तो जास्त भार उचलतो. दाब १०० किलोपास्कलने वाढला तर पाण्याचं आकारमान दहा हजारांत जेमतेम अर्ध्या भागाने कमी होतं. तेवढ्याच दाबाखाली मध्यम घट्ट चिकणमातीचा सांगाडा दहा हजारांत सुमारे २०० भागांनी आकसतो. साहजिकच छिद्रं पाण्याने पूर्ण भरलेली असतील तर जवळजवळ सगळा भार पाणीच घेतं, आणि बी येतो ०.९९९. हवा मात्र वातावरणाच्या दाबापासून दाब दुप्पट केला की निम्मी होते. म्हणून छिद्रांत शेकडा एक-दोन भाग हवा असली तरी वाटणीचं गणित पार बदलतं. बी ही खरं तर हवा शोधण्याची चाचणी आहे, आणि ती फार तिखट आहे.

ही हवा काढायची कशी? निर्वातपंप लावून ती बाहेर ओढता येते, पण बांधाच्या गाभ्यासाठी कुटून घट्ट केलेल्या चिकणमातीत ते फारसं साधत नाही. तिथे उलटा मार्ग घेतात. नमुन्यातल्या पाण्यालाच बाहेरून दाब द्यायचा, म्हणजे बॅक प्रेशर, आणि त्याच्या बरोबरीने सेलचा दाबही वाढवत न्यायचा. दोन्ही सारखे वाढले की प्रभावी ताण तिथल्या तिथे राहतो. बुडबुडे मात्र दाबले जातात, आकसतात आणि पाण्यात विरघळतात. किती दाब लागेल याचा एक सोपा हिशोब आहे. आत येणारं पाणी हवा काढून टाकलेलं असेल, तर संपृक्तता जितके टक्के कमी असेल त्याच्या दर टक्क्याला साधारण ५० किलोपास्कल. सुरुवातीला ९२ टक्के असलेल्या नमुन्याला म्हणजे सुमारे ४०० लागणार. विरघळायला वेळही लागतो. ज्यांना दुपारी नमुना लावून संध्याकाळी निकाल हवा असतो त्यांनी दुसरी चाचणी शोधावी.

असाच एक नमुना आपण उदाहरणादाखल चालवून बघू. कुटलेली चिकणमाती, व्यास ५० मिलिमीटर, उंची १००, संपृक्तता ९२ टक्के. पहिल्या तपासणीत सेलचा दाब ५० वरून १०० वर नेला, पाण्याचा दाब १२ वरून ३३ झाला. पन्नासात एकवीस, बी ०.४२. म्हणजे भाराचा निम्म्याहून मोठा हिस्सा पाण्याने उचललाच नाही. मग बॅक प्रेशर सेलच्या दाबापेक्षा १० ने कमी ठेवून टप्प्याटप्प्याने वाढवत गेलो. २०० च्या आसपास पुन्हा कॉक बंद करून पाहिलं तर बी ०.७२, ३०० ला ०.८६. शेवटी बॅक प्रेशर ३९० आणि सेल ४०० असताना सेल ४५० केला, पाणी ४३८ वर जाऊन थांबलं. पन्नासात अठ्ठेचाळीस, ०.९६. रूढ मर्यादा ०.९५ ची आहे, तेव्हा पुढे जायला हरकत नाही.

आता सेल ४९० करून कॉक उघडला. बॅक प्रेशर ३९०, म्हणजे १०० किलोपास्कल प्रभावी ताणाखाली दृढीकरण झालं. नंतर कॉक बंद करून वरून दांड्याने सावकाश दाबत नेलं. नमुना मोडला तेव्हा उभा जादा ताण ८० होता आणि पाण्याचा दाब ४४५. आडवा प्रभावी ताण ४९० वजा ४४५, म्हणजे ४५. उभा १२५. सी-डॅश शून्य धरला तर फाय-डॅश येतो २८ अंश.

बी न बघता याच मातीवर चाचणी केली असती तर? इथे दोन गोष्टी घडू शकतात, आणि त्या दोन्ही एकच समजल्या जातात म्हणून आपण जरा थांबू.

पहिली शक्यता, हवा नमुन्यातच आहे. मग मोडताना ही माती आकसू पाहते तेव्हा बुडबुडे दबून जागा देतात आणि पाण्याचा दाब खरोखरच कमी वाढतो. समजा ५५ ऐवजी ४० ने वाढला. आडवा प्रभावी ताण ४५ ऐवजी ६० राहिला, आणि त्याच २८ अंशांनी माती जादा ताण घेते १०७. फाय-डॅश तोच आला! बघणाऱ्याला वाटतं, संपृक्तता नव्हती तरी काय बिघडलं? बिघडलं हे की, पाणी बाहेर न जाता मिळणारी मजबुती, म्हणजे जादा ताणाचा निम्मा भाग, ४० ऐवजी ५३ दिसली. एक तृतीयांश फुगवून. धरणाचा जलाशय झपाट्याने रिकामा होतो तेव्हा वरच्या बाजूच्या उताराची सुरक्षितता बरेचदा याच मजबुतीवर तपासतात. धरणातली माती तोवर पाण्याने भरलेली असते, तिच्यात प्रयोगशाळेतले बुडबुडे नसतात.

दुसरी शक्यता, नमुना ठीक आहे पण हवा नळीत किंवा सच्छिद्र दगडात अडकली आहे. त्या बुडबुड्याला दाबायला पाणी नमुन्यातूनच यावं लागतं, आणि चिकणमातीतून ते मुंगीच्या पावलाने येतं. दाबमापक मागे पडतो. नमुन्यात पाण्याचा दाब ४४५ असताना तो ४३० दाखवतो. जादा ताण ८० बरोबर आहे, पण आडवा प्रभावी ताण ६० लिहिला जातो आणि फाय-डॅश येतो २३.६ अंश. चूक सुरक्षित बाजूला पडली म्हणून कोणी हायसं वाटून घेऊ नये. खूप घट्ट कुटलेली माती मोडताना फुगू पाहते, तिथे पाण्याचा दाब उतरतो. तो खरोखर २० ने उतरला आणि मापकाने १० च दाखवला, तर आडवा प्रभावी ताण ७० ऐवजी ६० धरला जाईल. जादा ताण १३० असेल तर फाय-डॅश २८.८ ऐवजी ३१.३ अंश येईल. आता चूक धोक्याच्या बाजूला गेली. मापक तोच आणि बुडबुडा तोच, पण माती बदलली की चुकीची दिशा उलटली.

या दोहोंतला फरक कळतो तो दाब वाढवल्यावर मापक कसा चढतो यावरून. नमुन्यात हवा असेल तर तो बऱ्यापैकी लवकर एका कमी आकड्यावर येऊन थांबतो, आणि बॅक प्रेशर वाढवलं की पुढच्या वेळचा आकडा सुधारतो. नळीत हवा असेल तर तो रेंगाळत चढतो. तेव्हा नमुना लावण्याआधीच नळ्या हवा काढलेल्या पाण्याने धुऊन घेणं, दगड उकळून घेणं, आणि नमुन्याशिवाय नुसत्या यंत्रणेवर दाब देऊन मापक झटकन उत्तर देतो का हे पाहणं, एवढं तरी करावंच.

तिसरा एक प्रकार फसवा आहे. मापक चढतो, ०.९५ ओलांडतो आणि चढतच राहतो, अखेर सेलच्या दाबाशी जाऊन मिळतो. हा उत्तम बी नव्हे, रबरी पडद्याला भोक आहे किंवा खालची ओ-रिंग नीट बसलेली नाही. सेलमधलं पाणी आत शिरतं आहे. आम्ही असे अहवाल पाहिले आहेत, ज्यांत ओळीने सगळ्या नमुन्यांचा बी १.०० लिहिलेला असतो. तिथे पहिला प्रश्न विचारावा, आकडा किती मिनिटांनी वाचला आणि त्यानंतर तो स्थिर होता का.

बी कुठे अडतो हेही बघायला हवं. ०.९५ ही सगळ्या मातींसाठी देववाणी नाही. मऊ चिकणमातीत ०.९५ आला तरी थोडी हवा उरलेली असू शकते, तिथे ०.९८ ची अपेक्षा ठेवणं योग्य. उलट सिमेंटसारख्या बंधाने घट्ट झालेल्या मातीत सांगाडाच इतका कडक असतो की पाण्याशी वाटणी करताना तोही मोठा हिस्सा मागतो. सच्छिद्रता ०.४ आणि सांगाडा आपल्या चिकणमातीपेक्षा शंभरपट कडक धरून सूत्रात घाला, छिद्रं पूर्ण भरलेली असूनही बी ०.९२ च्या आसपास येईल. अशा ठिकाणी आकड्याच्या मागे धावून दाब वाढवत बसण्यात अर्थ नाही. बॅक प्रेशरचे आणखी दोन टप्पे द्यावेत. बी जागचा हलला नाही, तर नमुना संपृक्त झाला असं समजावं, आणि अहवालात तिन्ही टप्प्यांचे आकडे द्यावेत, नुसतं ‘संपृक्त’ लिहू नये.

राहता राहिली आपली काळी माती. तिला १० किलोपास्कलच्या फरकावर बॅक प्रेशर दिलं की ती पाणी पिऊन फुगते. बी छान येतो, पण आता सेलमध्ये असलेली माती आपण आणलेली माती नसते, तिची घनता कमी झालेली असते. तेव्हा सेल आणि बॅक प्रेशर यांच्यातला फरक फुगणं रोखण्याइतका ठेवावा, मात्र ज्या प्रभावी ताणाखाली पुढे दृढीकरण करायचं आहे त्याच्या पुढे तो जाऊ देऊ नये. नाहीतर त्या नमुन्याला आधीच जास्त दाबून ठेवल्यासारखं होतं. आत गेलेल्या पाण्याचं माप प्रत्येक टप्प्याला लिहून ठेवलं की हे लगेच लक्षात येतं. हवेची जागा भरायला जेवढं पाणी लागायला हवं त्यापेक्षा जास्त गेलं असेल, तर उरलेलं फुगण्यात गेलं.