पहिला नंबर कोणत्या फोटोचा?

शाळेच्या क्रीडा दिनाचे फोटो हल्ली एकट्या फोटोग्राफरकडून येत नाहीत. पीटीचे सर, दोन-तीन शिक्षिका, चार हौशी पालक आणि दहावीतला एखादा कॅमेरावेडा मुलगा, सगळे मिळून दीड-दोन हजार फोटो सहज काढतात. वार्षिकांकात त्यांना मिळतात जेमतेम चार पानं. मग निवड होते ती बहुतेक वेळा अशी: मुख्याध्यापकांना आवडलेला एक, प्रमुख पाहुण्यांचे दोन, आणि उरलेल्या जागेत जे आधी हाताला लागतील ते. अंक छापून येतो आणि पालक विचारतात, आमच्या मुलीनं खो-खोत एवढे गडी बाद केले, तिचा एकही फोटो नाही?

यावर उपाय म्हणून काही शाळा फोटोंना गुण देतात. खेळाचा ऐन क्षण पकडलाय का, चेहरे दिसतात का, आणि फोटो काही सांगतो का, अशा तीन गोष्टींना प्रत्येकी पाचपैकी गुण. पद्धत चांगली आहे, पण हे गुण द्यायचे कसे आणि त्यांचं करायचं काय, यात बरीच गोम आहे.

ऐन क्षणापासून सुरुवात करू. खो-खोत आक्रमक खांबावर सूर मारतो. त्याचं अंग जमिनीला समांतर, एक हात खांबाला, दुसरा पुढे ताणलेला, आणि बोटं पळणाऱ्या मुलीच्या पाठीपासून वीतभर लांब. सर्वोच्च क्षण तो हाच, प्रत्यक्ष स्पर्शाचा नव्हे. स्पर्श झाला की निकाल लागला. त्याआधी बघणाऱ्याचा श्वास अडकलेला असतो. शिवाय स्पर्श नेमका सापडणंही नशिबाचा भाग. मोबाईलचं बटण दाबून ठेवलं तर सेकंदाला साधारण दहा फोटो निघतात. मूल सेकंदाला पाच मीटर धावत असेल, तर दोन फोटोंच्या मध्ये ते अर्धा मीटर पुढे गेलेलं असतं. स्पर्श या अर्ध्या मीटरच्या फटीत हमखास हरवतो. त्यामुळे एकाच सुराचे आठ-दहा फोटो समोर आले, तर स्पर्शाचा फोटो शोधत बसू नये. हात पूर्ण ताणलेला असेल आणि बोटं व पाठ यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा दिसत असेल, तो उचलावा.

लांब उडीत काम सोपं असतं. उडीच्या शिखराजवळ शरीराचा वर-खाली वेग जवळपास शून्य होतो. हवेतल्या एकूण वेळेपैकी अर्धा वेळ उडीच्या उंचीच्या वरच्या पाव भागातच जातो, म्हणून तिथला फोटो सहज मिळतो. धावण्यात मात्र फसगत होते. दोन्ही पाय एकमेकांना ओलांडत असताना काढलेला फोटो पाहिला, तर मूल एका पायावर उभं असल्यासारखं दिसतं, मग ते कितीही वेगात असो. पाय फाकलेले आणि दोन्ही जमिनीपासून सुटलेले असतील तोच फोटो धावतो. घोड्याचं नेमकं उलट असतं, ही एक गंमत. एडवर्ड मायब्रिजनं 1878 साली कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याचे ओळीनं फोटो घेतले. चारही पाय हवेत असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात, हे त्यातून दिसलं. तोवर चित्रकार ते पुढे-मागे ताणलेले रंगवत आले होते.

रस्सीखेचीत हालचालीचा कळस असा नसतोच. दोर तिथल्या तिथे असतो, आणि खेळ चालतो तो जबड्यात, मानेच्या शिरांत, मातीत रुतलेल्या टाचांत. म्हणून ऐन क्षणाचे गुण सगळ्या खेळांना एकाच मापानं देता येत नाहीत. आधी प्रत्येक खेळाचे फोटो वेगळे काढावेत, त्या खेळापुरता पहिला-दुसरा ठरवावा आणि मगच खेळांची आपसात तुलना करावी. तसं केलं नाही तर पहिल्या पाचांत चार सूर खो-खोचेच येतात आणि लिंबू-चमच्याला कोणी विचारत नाही.

एक तांत्रिक गाळणी याआधीच लावावी. पाच मीटरच्या वेगानं धावणारं मूल सेकंदाच्या साठाव्या भागात आठ सेंटिमीटर सरकतं. फोटोत चेहऱ्याचा फराटा होतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात ते सरकतं फक्त पाच मिलिमीटर. मोबाईलच्या पडद्यावर दोन्ही फोटो झकास दिसतात. खरं कळतं ते डोळ्यांपर्यंत मोठं करून पाहिल्यावर. पापण्या वेगळ्या दिसत नसतील आणि मागची कुंपणाची जाळी मात्र लख्ख असेल, तर कॅमेऱ्यानं मुलाऐवजी जाळीवर नजर लावली होती. असा फोटो गुण देण्यापर्यंत येऊच नये.

आता चेहरे. पालक अंक उघडून पहिल्यांदा आपलं पोर शोधतात, हे गृहीत धरूनच गुण द्यावेत. पण संचलनाच्या फोटोत साठ मुलं आहेत म्हणून पाच गुण देणं म्हणजे फसवणूक. चेहरा दिसतो असं कधी म्हणायचं? दोन्ही डोळे आणि तोंड ओळखू येतील इतका मोठा असेल तेव्हा, आणि तेही छापल्यावर. चांगल्या आर्ट पेपरवर साधारणपणे इंचाला दीडशे ठिपक्यांच्या जाळीत छपाई होते. त्या हिशेबानं छापलेला चेहरा पाच मिलिमीटर रुंद असेल तर त्याच्या वाट्याला आडवे तीसेक ठिपके येतात, तेवढ्यात आई आपल्या मुलाला ओळखते. दोन मिलिमीटरच्या चेहऱ्याला बाराच मिळतात आणि उरतं फक्त डोकं. तपासायला सोपी युक्ती आहे. फोटो ज्या आकारात छापायचा आहे त्याच आकारात साध्या कागदावर काढा आणि हातभर अंतरावर धरा. ओळखू येणारे चेहरे मोजा, बाकीचे विसरा.

चेहरे हरवण्याची कारणं बहुधा मैदानावरच असतात. फोटोग्राफर फक्कीच्या रेषेला समांतर उभा राहतो, म्हणून त्याला कान मिळतात. अंतिम रेषेच्या पलीकडे बसला असता तर डोळे मिळाले असते. भर बाराच्या उन्हात भुवयांखाली काळी सावली पडते, टोपी असेल तर नाकापर्यंत. म्हणून सकाळी नऊच्या आतले आणि दुपारी चारनंतरचे फोटो चेहऱ्याच्या गुणांत पुढे जातात. शर्यतींचं वेळापत्रक ठरवताना याचा विचार कोणी करत नाही, हेही खरं.

तिसरा निकष सगळ्यात निसरडा. ‘फोटो काहीतरी सांगतो’ असं कोणत्याही फोटोबद्दल म्हणता येतं. माझ्या मते याची एकच कसोटी टिकते. त्या दिवशी मैदानावर नसलेल्या माणसाला फोटो दाखवा, खाली काही लिहू नका. ‘मग पुढे काय झालं?’ असं त्यानं विचारलं तर चार किंवा पाच द्या. ‘छान आहे’ म्हणाला तर दोन. ‘हे कोण?’ एवढंच विचारलं तर एक.

आता पाच फोटो घेऊन बघू. खो-खोचा सूर: क्षण 5, चेहरे 3 कारण पळणारीचा पूर्ण दिसतो पण सूर मारणाऱ्याचा अर्धाच, गोष्ट 4. लांब उडी: उडी अप्रतिम, पण हात चेहऱ्यासमोर आलाय, 5, 1, 4. रस्सीखेच: 3, 4, 3. रिलेची अंतिम रेषा, छातीला फीत लागलेली मुलगी बाजूच्या प्रतिस्पर्ध्याकडे बघतेय: 4, 4, 3. पोत्यांच्या शर्यतीत एक मुलगा पडलाय आणि पुढे निघालेला दुसरा मागे वळून थबकलाय: 3, 4, 5.

बेरीज केली तर लांब उडी आणि रस्सीखेच दोन्ही 10 वर येतात. इथेच बेरीज फसवते. एका बाबतीत साफ नापास झालेला फोटो दुसऱ्या दोन गुणांच्या जोरावर वर येतो, आणि पानावर मात्र चेहरा नसलेलं एक धड छापलं जातं. म्हणून बेरजेऐवजी गुणाकार करावा. लांब उडी 5 × 1 × 4 म्हणजे 20, रस्सीखेच 3 × 4 × 3 म्हणजे 36. रिले 48. खो-खो आणि पोतं दोन्ही 60. आणि पाहुण्यांच्या हस्ते ढाल स्वीकारतानाचा फोटो? क्षण 1, चेहरे 5, गोष्ट 1. बेरीज 7 दिसते, गुणाकार 5. तो छापावा लागतो हे मान्य, पण त्याची जागा अहवालाच्या पानावर, दोन स्तंभांच्या मध्ये.

बरोबरी सुटते ती पानामुळे. खो-खोचा सूर आडवा आहे. मुखपृष्ठ उभं असतं आणि वर अंकाच्या नावाला जागा लागते. उभा कापला तर एक तर हात जातो, नाही तर पळणारी. तेव्हा तो मधल्या जोडपानावर लावावा, मात्र कोणाचाही चेहरा पिनांच्या घडीत जाणार नाही असा सरकवून. मुखपृष्ठावर पोत्यांची शर्यत येते, पण एक अट आहे. पडलेल्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय ती तिथे जाऊ नये. पडताना कपडे विस्कटलेले, रडवेला झालेला, चिडवण्याचं निमित्त होईल असा फोटो असेल, तर त्याला गुणच देऊ नयेत, बाजूला काढावा. नकार आला तर मुखपृष्ठ रिलेचं; तो 48 वाला फोटो कोणालाच लाज वाटायला लावत नाही आणि उभाही आहे.

गुण दोघांनी वेगवेगळे द्यावेत, त्यांतला एक जण त्या दिवशी मैदानावर नसलेला असावा. मैदानावर होता त्याला फोटोत नसलेलंही दिसतं. कुठे दोन किंवा त्याहून जास्त गुणांचा फरक पडला तर बोलावं, बाकी ठिकाणी वाद घालू नये. आणि यादी तयार झाली की शेवटी एकदा नावं तपासावीत, कारण वेगवान मूल चार शर्यतींत असतं आणि चारही ठिकाणी छान दिसतं. एका मुलाचा एकच मोठा फोटो, हा नियम गुणांपेक्षा वरचा मानावा.

पालकांना आणि शिक्षकांना दोनच विनंत्या. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे पाठवू नका. तिथे फोटोची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर येते आणि चांगल्या छपाईत ती 13-14 सेंटिमीटरपलीकडे पुरत नाही. मूळ फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा किंवा पेन ड्राइव्हवर द्या. आणि फोटोतल्या मुलांची नावं व तुकडी त्याच संध्याकाळी लिहून ठेवा, अंक मार्चमध्ये छापायला जातो तेव्हा ती कोणालाच आठवत नाहीत.